थर्मोकपलच्या प्रयोगाआधीची तयारी: मिलिव्होल्ट मोजणे आणि कोल्ड जंक्शन सांभाळणे

दोन वेगळ्या धातूंच्या तारा एका टोकाला जोडून केलेल्या के प्रकारच्या थर्मोकपलने उकळत्या पाण्याचे तापमान मोजण्याचा प्रयोग सोपा वाटतो, पण त्यातल्या बहुतेक चुका तारा जोडण्याआधीच ठरून गेलेल्या असतात. म्हणून सर्वप्रथम मीटर तपासावा. के प्रकारात दर अंश सेल्सिअसला साधारण 41 मायक्रोव्होल्ट मिळतात. त्यामुळे 0.1 मिलिव्होल्टपर्यंतच वाचणाऱ्या मल्टिमीटरवर शेवटचा अंक एकाने हलला, तरी तापमानात जवळपास अडीच अंशांचा फरक पडतो. या प्रयोगासाठी 0.01 मिलिव्होल्ट किंवा त्याहून बारीक वाचणारा मीटर हाताशी असावा. 5 व्होल्ट पल्ल्याच्या 10 बिट अॅनलॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टरला थर्मोकपल थेट जोडण्याचा विचार असेल, तर तो सोडून द्यावा. तिथे एक पायरी जवळजवळ 4.9 मिलिव्होल्टची, म्हणजे सुमारे 120 अंशांची असते. मधे अॅम्प्लिफायर घालताना त्याचा ऑफसेटही, म्हणजे इनपुटमध्ये त्याच्याकडून मिसळणारा जादा व्होल्टेजही, पाहावा, कारण 1 मिलिव्होल्टचा ऑफसेट म्हणजे सुमारे 24 अंशांची चूक होय.

त्यानंतर तारांची ओळख पटवून घ्यावी. आयईसी मानकानुसार के प्रकाराची धन तार हिरवी आणि ऋण तार पांढरी असते, तर अमेरिकन मानकात धन तार पिवळी आणि ऋण तार लाल असते. लाल म्हणजे धन ही विजेच्या कामातली सवय इथे हमखास फसवते. रंग पुसट असतील तर चुंबक लावून पाहावा: ऋण बाजूची अॅल्युमेल तार चुंबकाला चिकटते, क्रोमेल चिकटत नाही. तार वाढवायची असल्यास के प्रकाराचीच एक्स्टेन्शन तार घ्यावी. साधी तांब्याची तार जोडली की कोल्ड जंक्शन, म्हणजे थर्मोकपलच्या तारा जिथे संपतात ते दुसरे टोक, मीटरच्या टर्मिनलवर न राहता त्या सांध्यावर येते, आणि मग तापमानही तिथलेच मोजावे लागते.

आता मुख्य तयारीकडे येऊ. थर्मोकपल गरम टोकाचे तापमान सांगत नाही. त्याचा व्होल्टेज गरम टोक आणि टर्मिनल या दोन तापमानांवर मिळून ठरतो. मिलिव्होल्टवरून तापमान देणारा प्रमाणित तक्ता मात्र दुसरे टोक 0 अंशावर आहे असे गृहीत धरून केलेला असतो. दुसरे टोक खरोखरच 0 अंशावर ठेवायचे असेल, तर शुद्ध पाण्याच्या बर्फाचा चुरा आणि ऊर्ध्वपातित पाणी थर्मास फ्लास्कमध्ये दाटसर कालवून ठेवावे. बर्फाचे चार खडे तरंगणारे पाणी चालत नाही, कारण त्याच्या तळाचे पाणी 0 अंशाहून गरम राहू शकते.

बर्फाविना काम करायचे असेल, तर टर्मिनलचे तापमान मोजण्यासाठी स्वतंत्र सेन्सर ठेवावा. तो खोलीत कुठेतरी टांगलेला नको, टर्मिनलला खेटूनच हवा. दोन्ही टर्मिनल एकाच धातूच्या ठोकळ्याशी उष्णतेने जोडलेली असावीत, मात्र विजेने एकमेकांपासून वेगळी असावीत. पंख्याचा झोत किंवा मीटरच्या ट्रान्सफॉर्मरची ऊब एका बाजूला लागली, तर ती चूक थेट उत्तरात उतरते.

आकडेमोडीचा सराव आधीच करून ठेवावा. समजा, टर्मिनल 28 अंशांवर आहे आणि मीटर 2.97 मिलिव्होल्ट दाखवतो. तक्त्यात थेट पाहिले तर सुमारे 73 अंश मिळतात, जे उकळत्या पाण्याला शोभत नाही. 28 अंशांसाठी तक्ता 1.122 मिलिव्होल्ट देतो. तो मिळवला की 4.09 मिलिव्होल्ट होतात, आणि तक्त्यातला 100 अंशांचा आकडा आहे 4.096. इथे 73 मध्ये 28 मिळवले असते तरी 101 आले असते, आणि नेमक्या या जवळिकीमुळे चुकीची पद्धत विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पडते. एस प्रकारात हीच पद्धत उघडी पडते: भट्टी 1000 अंशांवर व टर्मिनल 28 अंशांवर असताना 9.426 मिलिव्होल्ट मिळतात, तक्ता त्याचे 986 अंश सांगतो, आणि बेरीज 1014 होते. खोलीच्या तापमानाजवळ एस प्रकार दर अंशाला सुमारे 6 मायक्रोव्होल्ट देतो, तर 1000 अंशांजवळ जवळपास दुप्पट. म्हणूनच आधी व्होल्टेज मिळवावा आणि मग तक्ता पाहावा.

पडताळणीसाठी पाण्याच्या उत्कलनबिंदूवर डोळे मिटून विसंबू नये. तो हवेच्या दाबानुसार बदलतो, म्हणून शेजारी तपासलेला तापमापक ठेवावा.

कोल्ड जंक्शनच्या तापमानाची भरपाई स्वतःच करणारा थर्मामीटर वापरणार असाल, तर थर्मोकपल काढून थर्मामीटरच्या दोन टर्मिनलमध्ये तांब्याचा छोटा तुकडा लावावा. आत येणारा व्होल्टेज आता शून्य असल्याने त्याने टर्मिनलचेच तापमान दाखवले पाहिजे. त्याऐवजी 0 अंश दिसले, तर भरपाई बंद आहे असे समजावे. टर्मिनलशी ठेवलेल्या तापमापकाशी आकडा दोन-तीन अंशांनी जुळत नसेल, तर आतला सेन्सर टर्मिनलपासून दूर आहे किंवा उपकरण अजून तापून स्थिरावलेले नाही. अशा वेळी थोडे थांबून हीच चाचणी पुन्हा घ्यावी, आणि तरीही फरक तेवढाच राहिला तर तो नोंदवहीत लिहून मगच थर्मोकपल जोडावा.