फोटोतल्या तक्त्यावरून भारित सरासरी आणि किंमत निर्देशांक काढताना या चुका टाळा

समजा, फोटोत एकाच मालाच्या तीन प्रतींचा हा तक्ता आहे. p म्हणजे किंमत, दर किलोची; q म्हणजे परिमाण, किलोत. 0 आधारभूत वर्षासाठी, 1 चालू वर्षासाठी. आधारभूत वर्षाच्या p0 × q0 ची एकूण बेरीज ४५०० खाली छापलेली आहे.

| प्रत | p0 | q0 | p1 | q1 |
|---|---|---|---|---|
| अ | १८ | १२० | २१ | १०० |
| ब | २५ | ६० | ३० | ६० |
| क | ४२ | २० | ४५ | ४० |
| एकूण | | २०० | | २०० |

सूत्राला हात घालण्याआधी उतरवलेले आकडे तपासा, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. पुसट फोटोत ५ चा ८ होतो, देवनागरी १ आणि ९ एकमेकांसारखे दिसतात. छापलेली बेरीज त्यासाठीच उपयोगी पडते. तुमची बेरीज ४५०० ऐवजी ४६८० आली, तर फरक १८० चा. आधी परिमाणांची बेरीज २०० येते का ते पाहा. ती जुळली तर बहुतेक किंमतच चुकली आहे. मग फरकाला प्रत्येक परिमाणाने भागा. १२० ने भागल्यावर दीड येतो, म्हणजे अ बाजूला. २० ने ९ येतात, पण त्यासाठी ४२ चे ५१ वाचले गेले पाहिजेत, दोन्ही अंक एकदम चुकले पाहिजेत. ६० ने ३ येतात, म्हणजे २५ चे २८. फोटो मोठा करून आधी तीच चौकट बघायची. अख्खा तक्ता पुन्हा टाइप करत बसण्यापेक्षा हे बरे.

भारित सरासरीत नेहमीची गफलत भाजकाची. किंमत गुणिले परिमाण ही बेरीज ओळींच्या संख्येने भागली तर ४५०० ÷ ३ = १५०० असे उत्तर येते आणि ते लगेच खटकते, कारण सरासरी सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त किमतीच्या मध्येच असायला हवी. परिमाण विसरून नुसत्या किमतींची सरासरी काढली तर २८.३३ येते. ती १८ आणि ४२ च्या मध्ये बसते, म्हणून ही चूक सहज निसटते. बरोबर उत्तर असे:

```
Σp0q0 / Σq0 = 4500 / 200 = 22.50
```

साध्या किंमत निर्देशांकात परिमाण येतच नाही. तक्त्यात q चा रकाना दिसला म्हणून तो वापरायलाच हवा असे नाही.

```
Σp1 / Σp0 × 100 = 96 / 85 × 100 = 112.94
```

याचा अर्थ किमती १२.९४ टक्क्यांनी वाढल्या, ११२.९४ टक्क्यांनी नव्हे. उत्तर ८८.५४ आले तर अंश आणि छेद उलटे पडले आहेत. परिमाणाचा भार द्यायचाच असेल, तर दोन्ही वर्षांच्या किमतींना एकच परिमाण लावा. q0 लावले तर ५२२० ÷ ४५०० × १०० = ११६ येतात, पण तो भारित निर्देशांक झाला. प्रश्नात ‘साधा’ म्हटले असेल तर ११६ हे उत्तर चुकीचेच.

आता जरा फसवी चूक. दोन्ही वर्षांच्या भारित सरासऱ्या काढून त्यांचेच गुणोत्तर घेतले जाते. चालू वर्षाची सरासरी ५७०० ÷ २०० = २८.५०, आणि २८.५० ÷ २२.५० × १०० = १२६.६७. पण एकेका प्रतीची वाढ पाहा: अ ११६.६७, ब १२०, क १०७.१४. एकही प्रत २० टक्क्यांहून जास्त महागली नाही, मग सगळ्या मिळून २६.६७ टक्के कशा महागतील? खरे तर महाग प्रत क जास्त विकली गेली, २० किलोची ४० किलो झाली, आणि तो बदल भाववाढ म्हणून मोजला गेला. म्हणून प्रत्येक ओळीचे p1/p0 × 100 काढून ठेवा. निर्देशांक साधा असो वा भारित, तो त्यातल्या सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्याच्या बाहेर गेला की कुठेतरी चूक आहे.

एककाची चूक मात्र या कसोटीतून सुटते. क ची किंमत तक्त्यात दर दहा किलोची, म्हणजे ४२० आणि ४५०, दिली असेल आणि तशीच बेरजेत घेतली, तर निर्देशांक ५०१ ÷ ४६३ × १०० = १०८.२१ होतो. बाजारात काहीही बदललेले नसते. फक्त मोठ्या आकड्यामुळे क चे वजन वाढते. हा या साध्या पद्धतीचाच दोष आहे. त्यामुळे सगळ्या किमती आधी एका एककात आणा, आणि फोटोत रकान्यांची शीर्षके कापली गेली असतील तर फोटो पुन्हा मागवा. एकक अंदाजाने धरू नका.