मित्राच्या लग्नातील इंग्रजी टोस्ट : या चुका टाळा

नवरदेवाचा मित्र म्हणून इंग्रजीत टोस्ट द्यायचा असतो, तेव्हा बहुतेक जण व्याकरणाची धास्ती घेतात. प्रत्यक्षात टोस्ट फसतो तो विनोदाच्या ठिकाणी, कारण मराठीत सुचलेले लांबलचक वाक्य जसेच्या तसे इंग्रजीत आणले जाते आणि ज्या शब्दावर हशा पिकायला हवा तो शब्द वाक्याच्या गर्दीत हरवतो.

नवरदेव कॉलेजात नेहमी उशिरा यायचा, एवढीच गंमत सांगायची आहे असे समजू. पहिला मसुदा साधारण असा उतरतो : "आय नो हिम सिन्स टेन इयर्स अँड ही वॉज ऑलवेज लेट अँड ऑल टीचर्स वेअर अँग्री ऑन हिम अँड टुडे आल्सो आय थॉट ही विल बी लेट बट ही केम टू अवर्स बिफोर बिकॉज ऑफ हर ओन्ली." यातील व्याकरणाच्या चुका पाहुणे एक वेळ पोटात घालतील, परंतु तीन वेळा आलेल्या 'अँड'मुळे कुठे हसायचे हे त्यांना कळत नाही, आणि 'बिकॉज ऑफ हर ओन्ली' ही शेपूट तर वधूवर ठपका ठेवल्यासारखी ऐकू येते.

हाच मजकूर तोडून लिहिला की असा होतो : "आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स. ही वॉज लेट फॉर एव्हरी क्लास. ही वॉज लेट फॉर एव्हरी एक्झाम. टुडे, ही केम टू अवर्स अर्ली." येथे थांबावे, वधूकडे पाहावे आणि मग म्हणावे, "ही जस्ट नीडेड द राइट रीझन." दुसरे आणि तिसरे वाक्य मुद्दाम एकाच साच्याचे ठेवले आहे, कारण त्यामुळे श्रोत्यांच्या कानाला एक सवय लागते आणि चौथे वाक्य ती मोडते. 'अर्ली' हा शब्द अगदी शेवटी आहे. त्याच्यापुढे आणखी काही जोडले, तर पाहुण्यांचे हसू तुमच्याच आवाजाखाली दबते. शिवाय चिमटा नवरदेवाला बसतो आणि कौतुक वधूच्या वाट्याला येते. दोघांच्या वाटण्या उलट झाल्या, तर सभागृह अवघडते. नवरदेवाच्या जुन्या प्रेमप्रकरणांचा उल्लेख आणि लग्न म्हणजे जन्मठेप या धर्तीचे विनोद मित्रांच्या टोळक्यात चालत असतील, पण दोन्हीकडची वडीलधारी मंडळी समोर बसलेली असताना ते अंगाशी येतात.

व्याकरणाच्या बाबतीत दोनच जागा सांभाळल्या तरी पुष्कळ झाले. मैत्री अजून चालू असल्यामुळे 'आय नो' ऐवजी 'आय हॅव नोन' म्हणावे लागते. पुढे किती वर्षे हे सांगायचे असल्यास 'फॉर' आणि कधीपासून हे सांगायचे असल्यास 'सिन्स' येते, म्हणजे 'फॉर टेन इयर्स', पण 'सिन्स कॉलेज'. दुसरी जागा 'मॅरीड विथ' ही होय. तेथे 'मॅरीड टू' हवे.

उच्चारात अडतो तो आपला 'व', कारण इंग्रजीत त्याचे दोन वेगळे ध्वनी आहेत. 'वाइफ' म्हणताना ओठ गोल करावेत आणि दात ओठाला लागू देऊ नयेत. 'लव्ह' म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकवावेत. हे दोन शब्द टोस्टमध्ये हमखास येतात, म्हणून तेवढेच आरशासमोर घोटून घ्यावेत.

विनोदावर कोणी हसलेच नाही, तर तो समजावून सांगू नये आणि 'दॅट वॉज अ जोक' असे तर मुळीच म्हणू नये. पुढचे वाक्य असे निवडावे की हशा न येताही ते शोभेल. वरच्या उदाहरणात 'ही जस्ट नीडेड द राइट रीझन' हे वाक्य साधे कौतुक म्हणूनही खपून जाते. सगळा मजकूर मोबाइलवरून वाचणे टाळावे, कारण हशा ओसरेपर्यंत स्क्रीन बंद पडते आणि पुढे काय होते हेच आठवत नाही. जाड कागदाच्या एका कार्डावर प्रत्येक वाक्याचे पहिले दोन शब्द ठळक अक्षरांत लिहून ठेवले, तर ते पुरतात.

शेवटी गोंधळ होतो तो क्रमाचा. पाहुण्यांना ग्लास उचलायला सांगून वक्ता आणखी एक आठवण सुरू करतो आणि मंडळी हात वर धरून ताटकळतात. सगळ्या आठवणी आणि शुभेच्छा आधी संपवाव्यात, मग "प्लीज स्टँड अँड रेज युअर ग्लासेस" म्हणावे, खुर्च्यांचा आवाज थांबेपर्यंत गप्प राहावे आणि त्यानंतर केवळ 'टू' म्हणून जोडप्याची नावे घ्यावीत. पाहुण्यांना ती नावे तुमच्या पाठोपाठ म्हणायची असतात, म्हणून त्यापुढे एकही शब्द जोडू नये. बोलायला उठण्यापूर्वी ग्लास भरलेले आहेत ना, एवढे यजमानांना विचारून घ्यावे. त्यात पाणी असले तरी चालते.