पाटीवरील अक्षर : दिवसाचे आणि रात्रीचे

दुकानाच्या पाटीचे काम नव्याने शिकणाऱ्यांना मी आधी संगणकावर रचना करू देत नाही. ज्या जागेवरून माणूस पाटी वाचणार आहे तिथून भिंतीपर्यंतचे अंतर मोजून आणायला सांगतो. या व्यवसायातला ठोकताळा असा की, दहा फुटांसाठी एक इंच उंचीचे अक्षर धरले, म्हणजे अक्षराची उंची अंतराच्या सुमारे एकशेविसाव्या भागाइतकी ठेवली, तर चालता माणूस ते न थांबता वाचतो. समोरचा पदपथ 18 मीटरवर असेल, तर 15 सेंटिमीटर उंचीचे अक्षर हवे.

मात्र ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंतची असते. चष्म्याच्या एका दुकानासाठी ‘दृष्टी’ हा शब्द रंगवायचा होता आणि पाटी 45 सेंटिमीटर उंच होती. वरखाली साडेसात सेंटिमीटर मोकळे सोडल्यावर 30 उरले. त्यातून वरची वेलांटी आणि ‘दृ’ व ‘ष्ट’चे खाली उतरणारे भाग वजा केल्यावर मूळ अक्षराला जेमतेम 15 मिळाले. पूर्ण 30 सेंटिमीटर अक्षर धरून हिशेब करणारा वाचनाचे अंतर दुप्पट समजून बसतो.

रंगांच्या बाबतीत नावापेक्षा उजळपणातला फरक पाहावा. निळ्यावर लाल ठसठशीत वाटते, पण रचनेचे छायाचित्र कृष्णधवल केले की दोन्ही रंग बहुधा जवळपास सारखेच करडे दिसतात आणि अक्षर हरवते. काळ्यावर पिवळे किंवा पांढऱ्यावर गडद निळे या कसोटीला उतरते.

खरी अडचण रात्री येते. काळ्या पाटीवर आतून उजळणारे पांढरे अक्रिलिक अक्षर अंधारात डोळ्याला आहे त्यापेक्षा जाड भासते. ‘ष्ट’मधल्या फटी प्रकाशाने भरून जातात आणि दिवसा स्पष्ट असलेला शब्द दुरून उजळ डाग बनतो. म्हणून अशा अक्षराची रेघ दिवसाच्या पाटीपेक्षा बारीक घ्यावी, अक्षरांमधले अंतर थोडे वाढवावे आणि एलईडीला डिमर जोडून घ्यावा. (ग्राहकाला बहुधा सर्वांत प्रखर दिवे हवे असतात, त्याला समोरच्या पदपथावर नेऊन दाखवले की वाद मिटतो.) जोडाक्षरे गिचमिड असतील, तर मी अक्षर अपारदर्शक ठेवून त्याच्या मागची फिकट भिंत उजळणे पसंत करतो, कारण मग अक्षराची कड गडद आणि नेमकी राहते.

अक्षराच्या तोंडावर दिव्यांचे ठिपके दिसत असतील, तर एलईडी मॉड्यूलमधले अंतर अक्षराच्या खोलीपेक्षा जास्त झाले आहे असे समजावे आणि मॉड्यूल जवळ आणावेत किंवा खोली वाढवावी. बाहेरून प्रकाशझोत टाकायचा असेल, तर पृष्ठभाग मॅट घ्यावा. चकचकीत पाटीवर दिव्याचेच प्रतिबिंब वाचणाऱ्याच्या डोळ्यांत येते. रात्रीची तपासणी मोबाइलच्या छायाचित्रावरून करू नये, कारण कॅमेरा प्रकाशाचा पसारा वाढवून दाखवतो. मोजलेल्या अंतरावर उभे राहून डोळ्यांनीच वाचून पाहावे.