प्रेमाचा मेसेज लिहिताना क्रियापद चुगली करतं : या चुका टाळा

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. ती पुण्याहून रात्रीच्या गाडीनं सोलापूरला परतत होती आणि मी तिला मेसेज केला, "पोचलास का? काळजी वाटतेय." मी मुलगी, ती मुलगी. तरी मी मुद्दाम 'पोचलास' लिहिलं होतं. कुणी वाचलंच तर दोन मुलींचं काही आहे हे कळू नये, एवढाच विचार. तोवर ती घरी पोचली होती आणि तिचा फोन हॉलमध्ये चार्जिंगला लागलेला होता. तिच्या आईनं स्क्रीनवर तो मेसेज पाहिला आणि पुढचे पंधरा दिवस तिच्या घरी एकच प्रश्न चालला, "रात्री बारा वाजता विचारणारा हा मुलगा कोण?"

मी सरळ "पोचलीस का गं?" लिहिलं असतं, तर त्या माउलीनं फोन तसाच खाली ठेवला असता. मैत्रीण मैत्रिणीला हेच विचारते.

त्यानंतर मी माझे आणि मित्रमैत्रिणींचे कितीतरी मेसेज पुन्हा वाचून काढले. मुलगा मुलाला लिहितो, मुलगी मुलीला लिहिते, कुणाला स्वतःचं किंवा समोरच्याचं लिंग दाखवायचंच नसतं. चुका मात्र फिरून फिरून त्याच होतात. सगळ्यात मोठी चूक म्हणजे नक्की काय झाकायचंय हे न ठरवता लिहायला बसणं. रोजची विचारपूस असेल तर खरं लिंग लिहिणंच सुरक्षित असतं, कारण दोन मैत्रिणींत 'आलीस का' आणि दोन मित्रांत 'आलास का' इतकं साधं दुसरं काही नाही. संशय येतो तो प्रेमाच्या शब्दाला. तिथे मात्र वाक्य जपून बांधावं लागतं.

वाक्य कुणाबद्दल बोलतं ते आधी बघा

प्रेमाच्या वाक्यात माणसं दोन असतात, पण क्रियापद त्यातल्या एकाचंच लिंग सांगतं. "मी तुझ्यावर प्रेम करते" यात मी बाई आहे हे कळतं, तू कोण ते कळत नाही. "मला तू आवडतेस" यात बरोबर उलटं होतं. तू बाई आहेस हे कळतं, मी कोण ते कळत नाही. कारण 'आवडणे' हे क्रियापद आवडणाऱ्या माणसाप्रमाणे चालतं. दोन्ही वाक्यं एकाच मेसेजमध्ये आली की दोघींचा पत्ता लागला.

दोघांचंही लिंग न सांगणारी वाक्यं मराठीत आधीपासून आहेत, आणि ती अजिबात ओढूनताणून केलेली वाटत नाहीत. "माझा तुझ्यावर जीव आहे." "तुझी फार आठवण येते." "तुझ्याशिवाय करमत नाही." इथे क्रियापद जीव, आठवण असल्या नामाला धरून चालतं किंवा कुणालाच धरत नाही. "मला तू हवीस" किंवा "मला तू हवास" लिहायची वेळ आली की मी "मला तुझी सोबत हवी" लिहिते. 'हवी' झालं ते सोबतीमुळे, माणसामुळे नाही.

लिंग दाखवायचंच नसेल तर विचारपुशीचंही तसंच. 'जेवलास' की 'जेवलीस' यावर अडायची गरज नाही, आपण एरवीही "जेवण झालं का?" म्हणतोच. 'काय करतोयस'ऐवजी "काय चाललंय?", 'झोपलीस का'ऐवजी "झोप लागली का?", 'पोचलास का'ऐवजी "पोचल्यावर कळव." आणि भविष्यकाळात तर मराठीनं सगळं सोपंच ठेवलंय. मी येईन, तू येशील, आपण गड्ड्याच्या जत्रेत भेटू, यात लिंग कुठेच नाही. हिंदीत 'आऊंगा' की 'आऊंगी' हे ठरवावंच लागतं. सोलापुरात बोलता बोलता हिंदी मध्ये येतेच, त्यामुळे मेसेजच्या मध्येच हिंदीत उडी मारली की मराठीत नीट झाकलेलं तिथे उघडं पडतं.

तयार मेसेज अर्धाच बदलणं

नेटवरचा तयार मेसेज उचलला की ही चूक हमखास होते. ते बहुतेक मुलानं मुलीला लिहिलेले असतात. हा एक नमुना मी तसल्या थाटात लिहिलाय :

"तू आयुष्यात आलीस आणि मी बदललो. तू हसतेस तेव्हा मी सगळं विसरतो. तुझ्याशिवाय मी अधुरा आहे. तू फक्त माझी आहेस."

मुलाला मुलासाठी हा हवा असेल तर समोरच्याचे शब्द बदलायचे. आलास, हसतोस, माझा. बदललो, विसरतो, अधुरा हे तसेच राहतील. मुलीला मुलीसाठी हवा असेल तर नेमके उरलेले तीन बदलायचे. बदलले, विसरते, अधुरी. आलीस, हसतेस, माझी हे आधीच बरोबर आहेत. लोक क्रियापदं बदलतात आणि 'अधुरा' किंवा 'माझी' तसंच राहून जातं. विशेषण आणि 'माझा-माझी' हेही लिंग सांगतात, हे घाईत लक्षात येत नाही.

आता कुणाचंच लिंग नको असेल तर? नुसत्या शेपट्या बदलून चालत नाही, वाक्य फिरवावं लागतं. मी असं करेन :

"तू आयुष्यात आल्यापासून माझं सगळं बदललं. तुझं हसू बघितलं की बाकी काही आठवत नाही. तुझ्याशिवाय सगळं अधुरं वाटतं. तू माझं माणूस आहेस."

'आल्यापासून', 'हसल्यावर', 'असताना' ही रूपं मुलामुलीला सारखीच असतात. ती हाताशी ठेवा, फार कामाला येतात. 'माझं माणूस' हे मला सगळ्यात प्रिय आहे. एरवी माणूस पुल्लिंगी, पण 'आपलं माणूस', 'घरचं माणूस' म्हणताना आपण ते नपुंसकलिंगी करतो आणि त्यात केवढी जवळीक असते.

न बदलणारी विशेषणंही भरपूर आहेत. सुंदर, गोड, प्रेमळ, हुशार, प्रिय. अडचण येते ती वेडा, लाडका, देखणा, एकटा, हळवा यांसारख्या 'आ'नं संपणाऱ्या शब्दांत. 'मला एकटं वाटतंय' लिहिलं की तीही सुटते. "आज किती देखणी दिसत होतीस" याच्या जागी "तो निळा रंग तुला काय शोभत होता" म्हटलं तर क्रियापद रंगाकडे जातं, आणि खरं सांगायचं तर वाक्यही जास्त जिव्हाळ्याचं होतं.

भूतकाळातली फसगत

भूतकाळात बरेच जण घाबरून वाक्यच टाळतात. तसं करायची गरज नाही. 'तू मला सांभाळलंस', 'तू मला समजून घेतलंस', 'मी तुला पाहिलं' यात दोघांपैकी कुणाचंच लिंग नाही, कारण इथे क्रियापद कर्त्याला धरत नाही आणि 'मला-तुला' असल्यामुळे कर्मालाही धरत नाही.

फसवतात ती बोलणे, विसरणे, म्हणणे, भेटणे, येणे, जाणे अशी क्रियापदं. ती कर्त्याप्रमाणेच चालतात. 'तू म्हणालीस' म्हटलं की बाई ठरली. पण 'तू म्हटलंस' म्हटलं की काहीच ठरत नाही! अर्थ तोच, शब्दही जवळजवळ तोच. तसंच 'तू बोललास'ऐवजी 'तू सांगितलंस', 'मी विसरले'ऐवजी 'माझ्या लक्षात राहिलं नाही', 'तू भेटलास'ऐवजी 'तुझी भेट झाली'. चालू काळात 'मी वाट बघतेय' आणि 'बघतोय' यात लिंग दिसतं. पूर्ण रूप लिहा, 'मी वाट बघत आहे', म्हणजे दिसत नाही. थोडं पुस्तकी वाटेल, एखाद्या वाक्यात खपून जातं. 'बघत होते' मात्र पुन्हा चुगली करतं.

'तुम्ही' आणि 'ते' यांचा आधार घेणं

'तुम्ही आलात', 'तुम्ही करता' यात लिंग नाही, म्हणून काहीजण अचानक अहोजाहोवर येतात. कालपर्यंत 'तू' म्हणणारं माणूस आज 'तुम्ही' म्हणालं तर समोरच्याला वाटतं, रागावलंय. शिवाय विशेषण आलं की 'तुम्ही चांगले' की 'चांगल्या' हा प्रश्न उभा राहतोच. तुमच्यात मुळापासून अहोजाहो असेल तरच हा मार्ग घ्या.

दुसरा आधार नपुंसकलिंगाचा. 'वेडं कुठलं' हे लाडात गोड लागतं, लेकराला म्हणतो तसं. पण मोठ्या माणसाबद्दल 'ते आलं, ते बोललं' असं सलग लिहिलं तर मराठीत ते हिणवल्यासारखं होतं. ज्यांना आयुष्यभर 'ते' म्हणून चिडवलं गेलंय, त्यांना तो शब्द किती लागतो हे मी जवळून पाहिलंय. आपलं माणूस स्वतःला स्त्री किंवा पुरुष यातलं काहीच मानत नसेल, तर कुठली रूपं चालतील हे त्यालाच विचारा. काहींना 'आलास' चालतं, काहींना दोन्ही, काहींना फक्त वर सांगितलेली फिरवलेली वाक्यं.

शेवटचे दोन बारीक शब्द

पूर्ण मेसेज नीट झाकून शेवटी "ये ना रे" लिहिलं की सगळी मेहनत वाया. 'रे', 'गं', 'अरे', 'अगं' हे शब्द बोटांना इतके सवयीचे असतात की डोळ्यांना दिसतच नाहीत. 'ए' आणि 'ना' वापरा.

याच्या उलट, दोन बाईमाणसं उघडपणे एकमेकींना लिहीत असतील तर 'आपण दोघं' आणि 'एकमेकांना' का म्हणून? मराठीत 'आपण दोघी' आहे, 'एकमेकींना' आहे. आम्ही दोघींनी पहिल्यांदा 'एकमेकींची' हा शब्द लिहिला, तेव्हा तो आमच्यासाठीच ठेवल्यासारखा वाटला होता. दोन मुलगे 'दोघे' म्हणतील. आणि झाकायचं असेल तर नुसतं 'आपण' पुरतं. 'आपण तळ्याकाठी बसलो होतो' हे कुणीही लिहू शकतं.

पाठवण्याआधी मी मेसेज दोनदा मोठ्यानं वाचते. एकदा भाऊ वहिनीला लिहितोय असं समजून आणि एकदा वहिनी भावाला लिहितेय असं समजून. जिथे जीभ अडते, तिथे लिंग शिल्लक आहे. मग एकदा स्वतःच्या आवाजात वाचते. तो सरकारी नोटिशीसारखा वाटला, 'प्रतीक्षा केली जात आहे' छाप काही शिरलं, तर ते वाक्य काढून पुन्हा लिहिते.

जिला मी तो 'पोचलास'चा मेसेज केला होता, ती सोलापूरच्या पूर्व भागातली, घरी तेलुगू. तिच्या भाषेत 'मी' आणि 'तू' यांच्या क्रियापदाला लिंगच नसतं. 'वस्तानु' म्हणजे येतो आणि येतेही. कन्नडमध्येही 'मी-तू'चं तसंच. म्हणून तिचे सगळ्यात मनातले मेसेज तेलुगूत येतात, आणि मी मराठीत उत्तर देते, "तुझा मेसेज वाचला की दिवस छान जातो. पोचल्यावर कळव."