एएमसी नूतनीकरणाचे पत्र : या चुका टाळा

कळंगुटच्या एका हॉटेलात २४ स्प्लिट एसी आहेत, त्यांच्या वार्षिक देखभालीचा करार, म्हणजे एएमसी, ३१ मार्चला संपतो. जुना दर प्रति एसी वर्षाला २,४०० रुपये, चार सर्व्हिसिंग, जीएसटी वेगळा. आता दर २,६४० करायचा आहे. वाढ १० टक्के, पण पत्र चुकीचे लिहिले तर ग्राहकाला ती ३० टक्के दिसते.

कशी, ते पाहा. जुन्या कोटेशनवर ५७,६०० रुपये असतात, कर त्याखाली बारीक अक्षरात. नव्या पत्रात मात्र १८ टक्के कर धरून थेट ७४,७६४.८० लिहिले जाते. अकाउंटंट हे दोन आकडे शेजारी ठेवतो आणि फाईल मालकाच्या टेबलावर जाते. म्हणून दोन्ही वर्षे एकाच पद्धतीने मांडा: मूळ रक्कम ५७,६०० वरून ६३,३६०, करासह ६७,९६८ वरून ७४,७६४.८०. करासहित आकडा गाळू नका. ज्या हॉटेलच्या खोल्यांवर ५ टक्के जीएसटी आहे, त्यांना इनपुट क्रेडिट मिळत नाही. त्यांच्यासाठी तो कर म्हणजे खर्चच.

दुसरी चूक म्हणजे 'वाढत्या महागाईमुळे' एवढ्यावर भागवणे. हे कारण सगळेच देतात, त्यामुळे कुणी वाचत नाही. खरे कारण लिहा: खाऱ्या वाऱ्याने समुद्राकडच्या आउटडोअर युनिटच्या कॉइलचे फिन गंजतात, तिथे धुण्याला जास्त वेळ आणि केमिकल लागते. आणि दर वाढवताना गॅस भरणे किंवा पीसीबी गुपचूप करारातून वगळू नका. मे महिन्यात खोली भरलेली असताना ते उघडकीला येते आणि त्यानंतर नूतनीकरणाचा विषयच संपतो.

आभार थोडक्यात, पण नेमके हवेत:

'गेली सहा वर्षे आपण आमच्यावर विश्वास ठेवलात आणि पाहुणे असतानाही सर्व्हिसिंगसाठी खोल्या वेळेवर मोकळ्या करून दिल्यात, त्याबद्दल मनापासून आभार.'

यानंतर नवा परिच्छेद करून दर लिहा. आभाराच्या वाक्यातच वाढ मिसळली तर आभार खोटे वाटतात.

पत्र फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पोचवा. मार्चअखेरीस अकाउंट्सवाले हिशेबात बुडालेले असतात. 'उत्तर न आल्यास करार मान्य समजू' असे लिहू नका. गप्प बसणे म्हणजे स्वीकृती, असे भारतीय करार कायद्यात सहसा धरले जात नाही. सहीची प्रत किंवा ईमेलवर होकार मागा, आणि प्रस्ताव कोणत्या तारखेपर्यंत खुला आहे तेही लिहा.

'जुन्याच दरात करा' असे उत्तर आले तर दर पाडण्याआधी काम कमी करून पाहा. समुद्राकडच्या १२ एसींना चार सर्व्हिसिंग २,६४० रुपयांत, आतल्या बाजूच्या १२ एसींना तीन सर्व्हिसिंग २,१०० रुपयांत. बेरीज ५६,८८० होते, म्हणजे जुन्या मूळ रकमेच्या आत, आणि नवा दर जागेवर राहतो.