सेव्ह बिघडलाय? मग ‘नवीन तारीख’ बघून बटण दाबू नका

गेल्या काही वर्षांत नात्यातल्या आणि शेजारच्या निदान दहा जणांचे बिघडलेले सेव्ह मी पाहिलेत. गेम वेगवेगळे, चूक मात्र तीच. कॉम्प्युटरवरचा सेव्ह आणि क्लाउडवरचा सेव्ह जुळत नाहीत तेव्हा दोन कॉम्प्युटरवर खेळणारा माणूस स्टीमची ‘क्लाउड कॉन्फ्लिक्ट’ची खिडकी बघतो, दोन तारखा वाचतो आणि नवीन तारखेवर क्लिक करून मोकळा होतो. ही चूक नीट समजावी म्हणून एकच गेम घेतो, Stardew Valley हा शेतीचा गेम, कारण त्याच्या फाइल्स साध्या नोटपॅडमध्ये उघडून वाचता येतात.

जुलैतला शनिवार होता. माझी भाची आठवडाभर गंगापूर रोडला खोलीवर असते आणि तिथे लॅपटॉपवर खेळते. सुट्टीला सिडकोतल्या घरी आली की डेस्कटॉप. शुक्रवारी लॅपटॉपवर तिचा खेळ उन्हाळ्याच्या 12 तारखेला थांबला होता. शनिवारी दुपारपासून ती डेस्कटॉपवर बसली आणि एका बैठकीत गेममधले चौदा दिवस खेळली. बाहेर पाऊस चालूच होता. रात्री पावणेनऊच्या सुमारास तिने गेममधल्या माणसाला झोपवलं, सेव्ह होण्याचा क्षण आला आणि नेमकी लाइट गेली. डेस्कटॉपला यूपीएस नव्हता.

इथपर्यंत तिची काहीच चूक नाही. पण धीर निघाला नाही. लॅपटॉप काढला, मोबाइलचं हॉटस्पॉट लावलं आणि ‘जरा बघते’ म्हणून तिथे गेम उघडला. स्टीम गेमचा सेव्ह क्लाउडवर चढवतो तो गेम बंद केल्यावर. डेस्कटॉपवर गेम बंद झालाच नव्हता, त्यामुळे क्लाउडवर शुक्रवारचाच सेव्ह होता. ती घाबरली, एक दिवस खेळून पाहिला, गेममध्ये झोपली, गेम बंद केला. क्लाउडवर आता 13 तारीख गेली, आणि त्या फाइलवर वेळ लागली रात्री सव्वानऊची.

लाइट आल्यावर डेस्कटॉपवर कॉन्फ्लिक्टची खिडकी आली. मला फोन. “मामा, वरचं दाबू की खालचं? क्लाउडचं नवीन दिसतंय.”

मी म्हटलं, काहीच दाबू नकोस. `Cancel` कर आणि आधी इंटरनेट तोड.

त्या खिडकीतली तारीख फाइल शेवटची कधी लिहिली गेली एवढंच सांगते. खेळ किती पुढे गेलाय, फाइल धड आहे की नाही, याचा तिच्याशी काही संबंध नाही. एक बाजू निवडली की ती दुसरीवर लिहिली जाते, आणि स्टीमच्या क्लाउडवर जुन्या आवृत्त्या साठवलेल्या नसतात. शेजारच्या एका मुलाने अशाच वेळी लोकल, म्हणजे समोरच्या कॉम्प्युटरवरची, बाजू नवीन म्हणून निवडली होती. ती बिघडलेली फाइल क्लाउडवर गेली आणि तिथून दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरली. माझ्याकडे तो आला तेव्हा तिन्ही ठिकाणी तीच मेलेली फाइल होती. दोन वर्षांचं शेत परत आणता आलं नाही, आणि मला आजही त्याचं वाईट वाटतं.

भाचीला पुढचं काम फोनवर सांगितलं. `Win+R` दाबून हे टाकायचं:

```
%AppData%\StardewValley\Saves
```

आतलं शेताचं फोल्डर आहे तसं कॉपी करून डेस्कटॉपच्या स्क्रीनवर ठेवायचं. हे सगळ्यात आधी, बाकी सगळं नंतर. त्या फोल्डरमध्ये चार फाइल्स दिसतात:

```
Mala_284615937
Mala_284615937_old
SaveGameInfo
SaveGameInfo_old
```

पहिली फाइल नोटपॅडमध्ये उघडायला लावली. आकार नेहमीएवढाच, आत मात्र एकही अक्षर नाही, नुसती मोकळी जागा. लाइट जाण्याची ही ओळखीची खूण. विंडोजने फाइलचं नाव आणि आकार डिस्कवर नोंदवलेला असतो, खरा मजकूर मात्र अजून मेमरीतच असतो, म्हणून मजकुराच्या जागी शून्यं राहतात. अशी फाइल कुठल्याही ‘रिपेअर’ सॉफ्टवेअरने दुरुस्त होत नाही. दुरुस्त करायला आत काही नसतंच. यूट्यूब बघून असली सॉफ्टवेअर उतरवू नका.

मग `_old` वाली, म्हणजे त्याच्या आधीचा सेव्ह, उघडली. सुरुवातीला `<?xml`, शेवटी `</SaveGame>`. म्हणजे फाइल पूर्ण आहे. नोटपॅडमध्येच `dayOfMonth` शोधायला सांगितलं, शेजारी `25` होतं. जवळच `currentSeason` आणि `year` हेही सापडतात. दोन सेव्हमधला पुढचा कुठला हे ठरवायचं ते या तीन नोंदींवरून. क्लाउडवरचा ‘नवीन’ सेव्ह 13 तारखेचा होता, हा 25 तारखेच्या सकाळचा. नवीन तारखेवर क्लिक केलं असतं तर बारा दिवस गेले असते. बघून झाल्यावर नोटपॅड सेव्ह न करता बंद करायचं.

यानंतर स्टीममध्ये गेमच्या `Properties` मध्ये `General` खाली स्टीम क्लाउड बंद केलं. बिघडलेली फाइल आणि `SaveGameInfo`, दोन्ही फोल्डरमधून बाहेर काढल्या. मग दोन्ही `_old` फाइल्सच्या नावातला `_old` काढला. दोन्हींचा काढायचा. एकीचाच काढला तर यादीतली माहिती एका दिवसाची आणि शेत दुसऱ्या दिवसाचं होतं. गेम उघडला, 25 तारीख, कोंबड्या जागेवर. एक दिवस परत खेळली, झोपली, गेम बंद केला.

तेव्हा कुठे इंटरनेट परत जोडून क्लाउड चालू केलं. कॉन्फ्लिक्ट परत विचारला, या वेळी लोकल निवडलं, कारण आत काय आहे ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. लायब्ररीत क्लाउडची स्थिती `Up to date` दिसेपर्यंत थांबलो आणि मगच लॅपटॉप उघडला.

दुसरी चूक याच्याच पोटातली: गेम बंद केला की लगेच लॅपटॉपचं झाकण पाडणं. तेव्हा अपलोड चालू असतं. निम्म्याहून जास्त कॉन्फ्लिक्ट मी यातूनच झालेले पाहिलेत. `Up to date` दिसायला फार तर अर्धा मिनिट लागतो, तेवढं बसा.

बॅकअपची कॉपी `Saves` फोल्डरमध्येच ठेवू नका. फोल्डरचं आणि आतल्या फाइलचं नाव जुळावं लागतं, नाहीतर गेम गोंधळतो.

‘क्लाउड आहे ना, मग बॅकअप कशाला’ असं म्हणणाऱ्यांना मी हल्ली थेट विचारतो, परवाचा सेव्ह दाखव. दाखवता येत नाही. क्लाउड म्हणजे आरसा, समोर बिघडलेलं असेल तर तेच दिसणार. मी दर रविवारी कमांड प्रॉम्प्टमध्ये हे चालवतो, तारीख हाताने बदलून:

```
robocopy "%AppData%\StardewValley\Saves" "D:\Saves\2025-07-20" /E
```

इथे बरेच जण `/E` ऐवजी `/MIR` आणि रोज एकच फोल्डर वापरतात, कारण जागा वाचते. `/MIR` मूळ फोल्डरमध्ये जे नाही ते बॅकअपमधूनही पुसतं. सेव्ह उडालेल्या दिवशी तो चालला तर बॅकअपही उडतो. काही एमबींसाठी हा शॉर्टकट घेऊ नका. मी शेवटची आठ फोल्डरं ठेवतो, नववं झालं की सगळ्यात जुनं हाताने काढतो.

भाचीच्या डेस्कटॉपला आता यूपीएस आहे, आणि लाइट गेली की लॅपटॉप उघडायच्या आधी ती मला फोन करते.