आयात मालाची गोदामापर्यंतची किंमत हिशेबात कशी चढवावी

आपल्याकडे बिल ऑफ एन्ट्री, पुरवठादाराचे इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि क्लिअरिंग एजंटचे बिल आहे, असे मी गृहीत धरतो. न्हावा शेव्याला एक कंटेनर उतरला आणि माल भिवंडीच्या गोदामात जायचा आहे, असे उदाहरण घेऊ. कंटेनरमध्ये 10 लाख रुपयांचे 2,000 पितळी नळ आणि 4 लाखांच्या 8,000 प्लास्टिकच्या टोपल्या असून दोन्ही किमतींत सागरी भाडे व विमा धरलेला आहे.

प्रथम इनव्हॉइसची रक्कम ‘मार्गस्थ माल’ या खात्यात नावे टाकावी. विनिमय दर आपल्या वह्यांतला, म्हणजे व्यवहाराच्या तारखेचा घ्यावा; बिल ऑफ एन्ट्रीवर छापलेला कस्टम्सचा दर फक्त शुल्काच्या आकारणीसाठी असतो. उदाहरणात सोयीसाठी दोन्ही दर एकच मानले आहेत.

त्यानंतर शुल्क. मूळ सीमाशुल्क आणि त्यावरचा 10 टक्के समाजकल्याण अधिभार परत मिळत नाहीत, म्हणून ते मालाच्या किमतीत जातात. आयजीएसटीचे क्रेडिट मिळत असेल, तर तो किमतीत घालू नये. बिल ऑफ एन्ट्रीच्या आधारे तो क्रेडिटच्या खात्यात जातो.

खरी अडचण येते ती वाटपात. ‘सगळा खर्च मालाच्या किमतीच्या प्रमाणात वाटा’ हा सल्ला मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी मिळाला, मी तो पाळला आणि पुढे एक अख्खा हंगाम आम्ही हलका माल तोट्यात विकत होतो, हे वर्षअखेरीपर्यंत कोणाच्या लक्षातही आले नाही, कारण एकूण बेरीज बरोबर होती. तेव्हापासून माझे मत ठाम आहे की शुल्क वाटायचे नसते, उतरवून घ्यायचे असते. बिल ऑफ एन्ट्रीत प्रत्येक वस्तूसमोर तिचे शुल्क वेगळे लिहिलेले असते. समजा, नळांवर 10 आणि टोपल्यांवर 20 टक्के शुल्क आहे. मग अधिभारासह नळांचे शुल्क 1,10,000 आणि टोपल्यांचे 88,000 रुपये होते.

बंदरातली हाताळणी, सीएफएस, डिलिव्हरी ऑर्डर, एजन्सी आणि ट्रक यांचा खर्च मात्र वाटावा लागतो, आणि तो मालाने अडवलेल्या जागेच्या प्रमाणात वाटावा, कारण पूर्ण कंटेनरचे हे खर्च आतल्या मालाच्या किमतीवर ठरत नाहीत. (कंटेनर वजनाने आधी भरत असेल, तर वजन घ्यावे.) पॅकिंग लिस्टनुसार नळांनी 8 आणि टोपल्यांनी 16 घनमीटर जागा घेतली आहे. जीएसटी वगळता हा खर्च 60,000 रुपये असेल, तर नळांवर 20,000 आणि टोपल्यांवर 40,000 येतात. टोपल्यांची एकूण किंमत 5,28,000, म्हणजे नगाला 66 रुपये, आणि नळाची 565 रुपये झाली. शुल्कासह सगळा खर्च किमतीच्या प्रमाणात वाटला असता, तर टोपली 59 रुपये 21 पैशांना पडल्याचे दिसले असते आणि 64 रुपयांना विकणाऱ्याला आपण नफा कमावतो आहोत, असेच वाटले असते.

या 60,000 रुपयांपर्यंत पोहोचण्यासाठी एजंटचे बिल ओळीओळीने फोडावे. संपूर्ण रक्कम ‘क्लिअरिंग खर्च’ म्हणून चढवणे हा निव्वळ आळस आहे. शिपिंग कंपनीकडे ठेवलेली कंटेनरची अनामत परत मिळणारी असते, म्हणून ती येणे रक्कम आहे. एजंटने आपल्या वतीने भरलेल्या सीएफएसच्या बिलावर आपले नाव आणि जीएसटी क्रमांक आहे का, हे पाहावे. एजंटचा क्रमांक पडला असेल, तर ते क्रेडिट आपल्याला घेता येत नाही. कागदपत्रे वेळेत न दिल्यामुळे भरावे लागलेले डेमरेज किंवा डिटेन्शन मालाच्या किमतीत लपवू नये. तो अनावश्यक खर्च त्याच वर्षाच्या नफा-तोटा खात्यात जातो, मग मालकाला तो कितीही बोचो.

माल गोदामात उतरला की ‘मार्गस्थ माल’ खाते जमा करून साठा नावे टाकावा.

एजंटचे बिल मात्र बहुधा माल विकायला लागल्यावर येते. त्यासाठी साठा थांबवून ठेवू नये. एजंटच्या दरपत्रकावरून अंदाजी तरतूद करून नोंद पूर्ण करावी. प्रत्यक्ष बिल 66,000 रुपयांचे आले, तर वाढीव 6,000 पैकी टोपल्यांच्या वाट्याला 4,000 येतात. तोवर निम्म्या टोपल्या विकल्या गेल्या असतील, तर 2,000 उरलेल्या साठ्यात आणि 2,000 विकलेल्या मालाच्या खर्चात टाकावेत.